नमस्कार, विनंती, विशेष

पोस्टकार्डाच्या काळात पत्राच्या माथ्यावर चार अक्षरं असायची : स.न.वि.वि. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. नमस्काराने समोरच्या माणसाची दखल घ्यायची आणि ‘विशेष’ लिहिलं की ज्या कामासाठी पत्र लिहायला बसलो ते लगेच सांगायचं. नुसता नमस्कार लिहून, पुढचं कार्ड कोरं ठेवून कोणी ते पेटीत टाकत नसे. त्यात पैसे जायचे, आणि वाचणारा म्हणाला असता, ‘अहो, पण काम काय होतं?’

हे आठवलं ते माझ्या मामेबहिणीचा फोन हातात आल्यावर. ती 31 वर्षांची आहे. लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर तिने स्वतःच प्रोफाइल टाकलं आहे आणि एका रविवारी दुपारी तिने मला आलेले मेसेज दाखवले. ‘हाय’. ‘हायय’. ‘हॅलो डिअर’. ‘जेवलीस का?’ ‘आपला प्रोफाइल आवडला, इंटरेस्टेड असाल तर कळवा.’ हा शेवटचा मेसेज शब्दशः सारखा, तीन वेगवेगळ्या मुलांकडून आलेला. मी म्हटलं, ‘अगं, सभ्य आहेत बिचारे. उत्तर का देत नाहीस?’ ती म्हणाली, ‘दादा, “हाय”ला उत्तर काय देऊ? “हाय”च ना? म्हणजे विषय शोधायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात.’

मला वाटतं, तिच्या या वाक्यात सगळं आलं. ‘हाय’ लिहिणाऱ्याला वाटतं की आपण सुरुवात केली. खरं तर त्याने सुरुवात करण्याचं काम समोरच्यावर ढकललेलं असतं. पहिल्या मेसेजमध्ये नमस्कारापुढे एक नेमका प्रश्न का असावा, याचं कारण एवढं साधं आहे. प्रश्नामुळे समोरच्याला काय लिहायचं ते कळतं, आणि तो नेमका असला तर हेही कळतं की आपलं प्रोफाइल कोणीतरी खरोखर वाचलं आहे.

हा प्रकार आकड्यांतही तपासला गेला आहे. ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग साइटने 2009 मध्ये पाच लाखांहून जास्त पहिल्या मेसेजेसचा हिशोब मांडला होता. कोणत्या शब्दांच्या मेसेजला उत्तरं येतात आणि कोणत्या येत नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं. नुसत्या ‘हाय’ला उत्तरं कमी येत होती. ‘सुंदर’, ‘हॉट’ असं रूपाचं कौतुक करणाऱ्या मेसेजेसची गतही तशीच. उलट ‘तुम्ही लिहिलं आहे की...’, ‘माझ्या लक्षात आलं की...’, ‘एक कुतूहल आहे...’ अशा शब्दांच्या मेसेजेसना उत्तरं जास्त येत होती. हे अमेरिकेचं आणि एका कंपनीचं गणित आहे, त्यामुळे ते जसंच्या तसं सांगली-सोलापूरला लावता येणार नाही. पण माझी मामेबहीण आणि हा हिशोब एकच गोष्ट सांगतात.

पुढे ॲप बनवणाऱ्यांनी हेच आपल्या रचनेत आणलं. हिंज या ॲपमध्ये आख्खं प्रोफाइल पसंत करता येत नाही. एखादा फोटो किंवा एखादं उत्तर निवडून त्यालाच पसंती द्यावी लागते आणि त्यावरच चार शब्द लिहिता येतात. बंबल 2014 मध्ये सुरू झालं तेव्हा स्त्री-पुरुषांच्या जोडीत पहिला मेसेज बाईनेच पाठवायचा, तोही 24 तासांत, असा नियम होता. 2024 मध्ये त्यांनी त्यात एक सोय केली : बाईने आपला एक प्रश्न आधीच लिहून ठेवायचा आणि जुळणी झाली की समोरच्याने त्याचं उत्तर द्यायचं. कंपन्यांचं धोरण काहीही असो, त्यांनाही प्रश्नाशिवाय गाडी हलत नाही हे उमगलेलं दिसतं.

आपल्याकडच्या विवाहजुळणीच्या साइट्सचा मामला थोडा वेगळा आहे. तिथे जात, पत्रिका, उंची, पगार, भावंडं, मामेकूळ असं सगळं आधीच रकान्यांत भरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी म्हणजे ‘इंटरेस्ट’ पाठवणं. बटण दाबलं की साइटचाच तयार मजकूर जातो. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची मुभा अनेकदा पैसे भरल्यावर मिळते, आणि पैसे भरलेला माणूस त्या जागेत पुन्हा आपला बायोडेटा ओततो : ‘नमस्कार, मी अमुक, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, वडील निवृत्त, एक बहीण विवाहित...’ हे सगळं एका टिचकीवर दिसतच असतं. शिवाय यादीत मेसेजची पहिली एखादी ओळच दिसते. ती ओळ शिक्षण सांगण्यात गेली तर पुढचा चांगला प्रश्न उघडलाही जात नाही.

आता एक उदाहरण घेऊन मेसेज लिहूनच पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली वाक्यं शेकडो प्रोफाइल्समध्ये सापडतील अशीच आहेत. समजा मुलीचं नाव वैदेही, वय 29. माहेर कोल्हापूर, नोकरी पुण्यात, एका बँकेत. ‘प्रोफाइल कोणी तयार केलं’ या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहिलं आहे. स्वतःविषयी ती लिहिते : ‘साधी, कुटुंबवत्सल, स्पष्टवक्ती. वाचन, संगीत, प्रवास यांची आवड. सुट्टीत कोल्हापूरला गेले की आजीकडून गोधडी शिवायला शिकते आहे, पहिली अजून अर्धीच झाली आहे. पुरणपोळी उत्तम जमते असं घरचे म्हणतात.’ तिसऱ्या फोटोत मांडीवर ती अर्धी गोधडी आहे. मुलगा 32 वर्षांचा, नाशिकचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात.

पहिलं काम वाचायचं. यातलं किती प्रत्येक प्रोफाइलमध्ये असतं? साधी, कुटुंबवत्सल, वाचन, संगीत, प्रवास : हे सगळ्यांचंच असतं. बाजूला काढा. पुरणपोळी बरी आहे, पण मुलाने पहिल्याच मेसेजात पुरणपोळीबद्दल विचारलं तर त्यातून कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातला जुना ‘स्वयंपाक येतो का?’ ऐकू येईल. तीही बाजूला ठेवू. उरते गोधडी. ही फक्त तिचीच आहे, तिने मुद्दाम लिहिली आहे, फोटोतही ठेवली आहे. तिला तिच्याबद्दल बोलायचं आहे, हे उघड आहे.

आता मुलाचा पहिला कच्चा खर्डा : ‘नमस्कार वैदेही, तुमची गोधडी खूप छान आहे. आणखी काय काय छंद आहेत?’ सुरुवात चांगली आहे, पण प्रश्न गोधडी सोडून पळाला. छंद तिने लिहिलेच आहेत. तेच पुन्हा विचारलं की वाचलं नाही असं वाटतं. हा मेसेज गोधडीचं नाव काढून ट्रेकिंगवाल्या मुलीलाही पाठवता येईल, आणि नेमकेपणाची कसोटी हीच आहे : प्रश्न दुसऱ्या कोणालाही पाठवता येत असेल तर तो नेमका नाही.

दुसरा खर्डा : ‘नमस्कार वैदेही, गोधडी हाताने धावदोऱ्याने शिवता की मशीनवर? आत किती थर घालता?’ हा नेमका आहे, पण परीक्षेचा वास येतो. विचारणाऱ्याला माहिती आहे हे दाखवण्यासाठी विचारल्यासारखा. तिने अर्धीच शिवली आहे. उत्तर देताना तिला वाटेल की आपली तपासणी चालली आहे. क्वालिटी विभागातला माणूस घरीही क्वालिटीच पाहतो की काय, असंही वाटेल. शिवाय प्रश्न दोन झाले. दोन प्रश्न आले की वाचणारी सोपा निवडते, दुसरा राहतो, आणि पुढचं बोलणं ‘दुसऱ्याचं उत्तर राहिलं’ इथून सुरू होतं.

तिसरा खर्डा : ‘नमस्कार वैदेही. फोटोतली अर्धी गोधडी पाहिली. तिच्यात लावलेलं सगळ्यात जुनं कापड कुणाचं आहे?’

हा जमला. का जमला ते पाहू. गोधडी नव्या कापडाची होत नाही. आईची साडी, आजीचं लुगडं, लहानपणचा परकर, बाबांचं धोतर, असं घरातलं वापरून मऊ झालेलं कापड त्यात जातं. म्हणजे प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे, आणि ते फक्त तिच्याचकडे आहे. ते एका शब्दातही देता येतं : ‘आजीचं.’ बसमध्ये उभ्याने, एका हाताने टाइप करता येईल इतकं सोपं. आणि वेळ असेल तर ते लांबवताही येतं, कारण प्रत्येक कापडामागे एक माणूस असतो. त्यात बरोबर-चूक काही नाही. पगार, वजन, अपेक्षा यांपैकी कशालाही तो हात लावत नाही. आणि विचारणाऱ्याला गोधडीतलं थोडंफार कळतं हे न सांगताच कळतं, कारण कापड जुनं असतं हे त्याला ठाऊक आहे.

यात त्याने स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाही, हे चालेल का? चालेल, कारण त्याचं प्रोफाइल तिच्यासमोर आहे. लिहावंसं वाटलंच तर एक वाक्य, प्रश्नाच्या आधी : ‘आमच्या घरी आजीची एक आहे, अजून तीच पांघरतो.’ पण ते खरं असलं पाहिजे. नाहीतर पुढच्याच मेसेजात ‘फोटो पाठवा ना’ आलं की पंचाईत.

आता ‘नमस्कार वैदेही’ आणि ‘तुम्ही’ यांच्याकडे वळू. मराठीत संबोधनालाच अर्धा मेसेज समजतात. विवाहाच्या साइटवर पहिल्या मेसेजात ‘तू’ आलं तर अनेकींना ते खटकतं. ‘डिअर’ त्याहून वाईट. ‘मॅडम’ म्हटलं की बँकेच्या काउंटरवर उभे असल्यासारखं वाटतं. नुसतं नाव आणि ‘तुम्ही’ हे सुरक्षित आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचा क्षण पुढे दोघं मिळून ठरवतील, आणि तो क्षण छान असतो, तो पहिल्याच ओळीत उधळू नये. डेटिंग ॲपवर समवयस्कांत ‘हाय’ आणि ‘तू’ चालतं, तिथे ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर उलट थट्टा वाटेल. प्रश्न तोच राहतो, त्याचे कपडे बदलतात.

विवाहाच्या साइटवर आणखी एक रकाना आधी वाचायचा असतो, तो म्हणजे प्रोफाइल कोणी बनवलं. तिथे ‘पालक’ असेल तर तुमचा मेसेज बहुधा वैदेही वाचणारच नाही. संध्याकाळी चष्मा लावून तिचे बाबा वाचतील, आणि कदाचित आईला मोठ्याने वाचून दाखवतील. अशा ठिकाणी गोधडीचा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. तिथे नमस्कार ‘सादर’ हवा, पुढे कोण लिहितंय ते एका वाक्यात हवं, आणि प्रश्न त्या वाचकाला उत्तर देता येईल असा हवा : ‘सादर नमस्कार. मी स्वतः लिहितो आहे. प्रोफाइलमध्ये बँकेतली नोकरी बदलीची असल्याचं वाचलं. येत्या एक-दोन वर्षांत पुण्याबाहेर बदली होण्याची शक्यता आहे का?’ नाशिकला नोकरी असलेल्या मुलासाठी हा प्रश्न खरा आहे. वडील त्याचं उत्तर देऊ शकतात, आणि मुलगा बदलीचा विचार करतो आहे, म्हणजे मुलीची नोकरी गृहीत धरतो आहे, हेही त्यांना समजतं. ही खूण लहान नाही.

नेमकेपणाला एक काळी बाजूही आहे, आणि ती मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘बँकेच्या कोणत्या शाखेत आहात?’ हा प्रश्न तर फार नेमका आहे. ‘रोज कसं जाता, बस की गाडी?’ हाही. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण अनोळखी पुरुषाला आपली शाखा आणि जाण्यायेण्याची वेळ सांगणं म्हणजे काय, हे एकटीने राहणारी मुलगी लगेच ओळखते. तसंच, ‘इन्स्टाग्रामवर तुमचे गोव्याचे फोटो पाहिले’ असं लिहिणारा स्वतःला अभ्यासू समजतो, तिला मात्र पाठलागाचा वास येतो. म्हणून सीमा सोपी ठेवावी : तिने प्रोफाइलमध्ये जे मांडलं आहे त्याबद्दल विचारावं, जे झाकून ठेवलं आहे त्याबद्दल नाही. ‘इतकी वर्षं लग्न का केलं नाही?’ हा प्रश्नही याच यादीत बसतो. तो ज्याला त्याला स्वतःचा बचाव करायला उभा करतो.

नेमका प्रश्न म्हणजे सचोटीचा दाखला नाही, हेही मुलींनी आणि मुलांनी ध्यानात ठेवावं. फसवणारे लोक प्रोफाइल सगळ्यात बारकाईने वाचतात. त्यांचा पहिला मेसेज अनेकदा उत्कृष्ट असतो. फरक पुढे दिसतो : दोन दिवसांत ॲप सोडून दुसरीकडे बोलायचा आग्रह, व्हिडिओ कॉल टाळणं, आणि मग कस्टममध्ये अडकलेलं पार्सल किंवा अचानक आलेली अडचण. पैशांचा विषय निघाला की बोलणं थांबवावं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

आता मेसेज गेला. उत्तर आलं तर? समजा वैदेहीने लिहिलं : ‘पणजीचं. हिरवं इरकल. आजीने चाळीस वर्षं ट्रंकेत जपलं होतं, मला पहिल्यांदा कात्री लावू दिली तेव्हा हात थरथरत होता माझा.’ इथे पुष्कळ मुलं घसरतात. ‘वा छान! मला क्रिकेट आवडतं’ असं लिहून नव्या विषयावर उडी मारतात, किंवा मनात तयार ठेवलेला दुसरा प्रश्न काढतात. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच भाग पाहिला होता. एकमेकांशी काही मिनिटं बोलून पुढच्या टेबलावर जायचं, अशा डेटिंगच्या कार्यक्रमांतली संभाषणं त्यांनी तपासली. मिळालेल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटीचा होकार जास्त मिळत होता. वैदेहीच्या उत्तरात तो प्रश्न तयारच आहे : ‘कात्री लावताना आजी काय म्हणाली?’ किंवा त्याआधी स्वतःची एक गोष्ट, मग प्रश्न. फक्त प्रश्नांमागून प्रश्न आले तर ती उलटतपासणी होते. एकाने विचारावं, दुसऱ्याने सांगावं, आणि मग बाजू बदलाव्यात.

आणि उत्तर आलंच नाही तर? तसं होण्याची शक्यता जास्त आहे, हे पाठवणाऱ्याने आधीच मान्य करावं. 2018 मध्ये एलिझाबेथ ब्रूच आणि मार्क न्यूमन या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी चार अमेरिकन शहरांतल्या डेटिंग साइटवरची देवघेव तपासली. न्यूयॉर्कमधल्या एका 30 वर्षांच्या बाईला एका महिन्यात 1504 मेसेज आले होते. म्हणजे रात्रंदिवस दर अर्ध्या तासाला एक. अशा इनबॉक्समध्ये कितीही सुबक प्रश्न बुडू शकतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : आपल्यापेक्षा जास्त मागणी असलेल्या माणसाला लिहिताना लोक मेसेज लांबवतात, पण त्या लांबीचा फायदा फारसा होत नाही. हे वाचून मला बरंच वाटलं. म्हणजे तीन ओळींवर निबंध रचत बसायची गरज नाही. नेमका प्रश्न दार उघडत नाही, तो फक्त तुम्हाला दारापर्यंत नेऊन नीट उभं करतो.

म्हणून उत्तर आलं नाही की ‘हॅलो??’ पाठवू नये. ‘पाहिलंत, पण उत्तर नाही’ तर मुळीच नाही. तो मेसेज आधीच्या चांगल्या मेसेजवर बोळा फिरवतो. गप्प राहणं हेही उत्तर आहे, आणि ते कोणाला न दुखावता दिलेलं असतं.

मामेबहिणीच्या इनबॉक्समध्ये त्या दुपारी एक मेसेज मात्र मला थांबवून गेला. तिने प्रोफाइलमध्ये लिहिलं होतं की रोज सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते. एकाने विचारलं होतं : ‘नमस्कार. कुंड्यांतलं कोणतं झाड सगळ्यात जास्त रुसतं?’ तिने लिहिलं होतं, ‘मोगरा. वर्षभर पाणी पितो, फूल देत नाही.’ पुढे मी वाचलं नाही, फोन परत दिला. तिला विचारलं, ‘काय मग?’ ती म्हणाली, ‘काही नाही, बोलतोय. त्याची आई म्हणते मोगऱ्याला ऊन कमी पडत असेल.’

जुन्या पत्रांत ‘विशेष’ झालं की अगदी शेवटी यायचं : कळावे, लोभ असावा. लोभ शेवटी मागायचा, सुरुवातीला नाही. ‘तू फार सुंदर आहेस’ आणि ‘मला तुझा प्रोफाइल आवडला’ लिहिणारे पहिल्या ओळीतच लोभ मागतात. त्याआधी चार ओळींचं विशेष असावं लागतं, हे ते विसरतात.